दर पावसाळ्यात कुत्र्याला लाल पुरळ आणि खाज: बरं होऊन पुन्हा का येतं

त्रास साधारण असा असतो. पाऊस सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की कुत्रा अचानक वळून स्वतःची शेपटी पकडायला बघतो आणि शेपटीच्या मुळाशी पुढच्या दातांनी बारीक बारीक चावे घेतो. केस बाजूला केले की खाली लाल पुटकुळ्या दिसतात, काहींवर खपली धरलेली असते. डॉक्टर इंजेक्शन देतात, दोन दिवसांत खाज थांबते, आणि तीन-चार आठवड्यांनी सगळं पहिल्यासारखं होतं. पावसाळा संपून हवा कोरडी झाली की आपोआप कमी होतं आणि आपण विसरून जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

माझ्या मोत्याच्या बाबतीत हे सलग दोन वर्षं झालं. त्रास सुरू झाला तेव्हा तो चार वर्षांचा होता. तिसऱ्या वर्षी कारण सापडलं आणि ते मोडूनही काढता आलं. त्या वर्षी काय काय केलं, काय चुकलं आणि काय लागू पडलं ते सविस्तर लिहितो आहे, कारण ही तक्रार फार जणांची असते आणि बहुतेक जण माझ्यासारखेच चुकीच्या जागी औषध लावत बसतात.

आधी पुरळ कुठे आहे ते बघा

खाजणारा कुत्रा सगळीकडेच खाजवतो असं वाटतं, पण दोन दिवस नीट लक्ष दिलं तर त्याच्या आवडीच्या जागा कळतात. कमरेचा मागचा भाग, शेपटीचं मूळ, मांड्यांची मागची आणि आतली बाजू, बेंबीच्या आसपासचं पोट. पुरळ आणि केस गळणं या भागात जास्त असेल आणि पुढचं अर्धं अंग बऱ्यापैकी स्वच्छ असेल, तर पहिला संशय पिसवांच्या ॲलर्जीचा घ्यायचा. बरेच दिवस चालू असेल तर तिथली कातडी काळपट आणि जाड होते, हाताला खरखरीत लागते.

पुढचे पंजे चाटून चाटून केस तांबूस झाले आहेत, कान आणि काखा लाल आहेत, असं चित्र असेल तर धूळ, परागकण वगैरेंच्या ॲलर्जीचा विचार करावा लागतो. कानाच्या कडा आणि कोपरांवर जाड खपल्या असतील, आणि कानाची कड दोन बोटांत धरून चोळली की मागचा पाय आपोआप खाजवायला हलत असेल, तर खरजेचे किडे असण्याची शक्यता मोठी. गोल चट्टा, मधले केस तुटलेले, पण खाज फारशी नाही, असं दिसलं तर नायट्याची तपासणी करून घ्यायची. एकाच कुत्र्याला यातल्या दोन गोष्टी असू शकतात हे खरं, पण सुरुवात जागेवरून केली की अर्धं काम होतं.

मोत्याचं पहिल्या वर्षी आम्ही जागाच बघितली नाही. पावसात भिजतो, अंग ओलं राहतं, म्हणजे बुरशी झाली असणार, असं आम्ही घरच्या घरी ठरवून टाकलं आणि महिनाभर पावडर मारत बसलो. कमरेपासून मागे सगळं लाल होतं आणि खांद्यावर एक पुटकुळी नव्हती, हे डोळ्यांसमोर असून दिसलं नाही.

"पण पिसू तर एकही दिसत नाही"

हे वाक्य मी स्वतः डॉक्टरांना दोनदा ऐकवलं आहे. आणि इथेच बहुतेक जण भलत्या वाटेला लागतात.

ॲलर्जी असते ती पिसवेच्या लाळेची. पिसू चावताना तिची लाळ कातडीत जाते आणि ज्या कुत्र्याचं शरीर त्या लाळेला बिथरतं, त्याला थोडे चावेही पुरतात. काही मिनिटांतच तिथे सूज येते, आणि एक-दोन दिवसांनी त्याच जागी दुसऱ्यांदा लाली आणि खाज उसळते. म्हणजे आज चावलेली पिसू परवा मेलेली असेल, पण खाज चालूच राहते. शिवाय असा कुत्रा दिवसभर स्वतःला चाटतो आणि चावतो, त्यामुळे अंगावरच्या पिसवा तो स्वतःच गिळून टाकतो. जो सगळ्यांत जास्त खाजवतो त्याच्याच अंगावर सगळ्यांत कमी पिसवा सापडतात. उलट ज्याला ॲलर्जी नाही, त्याच्या अंगावर कितीतरी असूनही तो आरामात झोपलेला असतो.

म्हणून जिवंत पिसू शोधण्यापेक्षा तिची विष्ठा शोधायची. यासाठी उवांची असते तशी बारीक दातांची फणी आणि ओला केलेला पांढरा टिश्यू पेपर, एवढंच लागतं. कुत्र्याला उभं करायचं, शेपटीच्या मुळापासून कमरेपर्यंत फणी कातडीला टेकवून पाच मिनिटं विंचरायचं आणि फणीत अडकलेला काळा कचरा ओल्या कागदावर झटकायचा. मग दोन-तीन मिनिटं थांबायचं.

मोत्याच्या अंगातून त्या दिवशी एकही पिसू निघाली नाही. मिरपूड सांडावी तसे सात-आठ काळे कण निघाले. मला ती माती वाटली. कागदावर ते काही क्षण तसेच काळे राहिले, मग एका कणाच्या कडेने पाणी तांबूस झालं, आणि बघता बघता प्रत्येक कणाभोवती विटकरी रंगाचं छोटं वर्तुळ पसरलं. माती असती तर असा रंग सुटला नसता. पिसू रक्त पिते आणि ते रक्त अर्धवट पचवून बाहेर टाकते, म्हणून तिची विष्ठा ओली झाली की लाल होते. दोन वर्षं जे दिसत नव्हतं ते त्या कागदावर होतं.

एक सावधगिरी: कागद कोरा राहिला म्हणून पिसवा नाहीत असं सिद्ध होत नाही. नुकती अंघोळ झाली असेल किंवा कुत्र्याने सगळं चाटून साफ केलं असेल तर काहीच मिळत नाही. घरात दुसरा प्राणी असेल तर त्यालाही विंचरून बघा. त्याच्या अंगावर बऱ्याचदा मिळतं. कुत्र्याच्या विष्ठेत किंवा गुदद्वाराजवळ तांदळाच्या दाण्यासारखे चपटे पांढरे तुकडे दिसले तर तोही पुरावाच समजा. ते टेपवर्मचे तुकडे असतात आणि हा कृमी पिसू गिळल्याने पोटात जातो. त्याचं औषध वेगळं द्यावं लागतं, पिसवांच्या औषधाने तो जात नाही.

पावसाळ्यातच का

याचं उत्तर कुत्र्याच्या अंगावर नाही, घराच्या फरशीवर आहे. मला हे कळलं तेव्हा सगळा हिशेब बदलला.

पिसू अंगावर उडी मारते, काही मिनिटांत रक्त प्यायला लागते आणि साधारण 24 ते 36 तासांत अंडी घालायला सुरुवात करते. भरात आलेली मादी दिवसाला 40 ते 50 अंडी घालते. ही अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. कुत्रा जिथे झोपतो, अंग झटकतो, तिथे ती मीठ सांडल्यासारखी पडतात. त्यातून निघालेली अळी उजेडापासून पळते आणि गालिचाच्या तळाशी, गादीच्या शिवणीत, कपाटाखालच्या धुळीत जाऊन बसते. मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा हे तिचं मुख्य अन्न. पुढे ती स्वतःभोवती चिकट कोष विणते, त्यावर धूळ बसते आणि तो आजूबाजूच्या कचऱ्यासारखाच दिसतो.

या सगळ्यात नाजूक असते ती अळी. तिला ओलावा लागतो. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांच्या खाली गेली की ती सुकून मरते, आणि 70 ते 80 टक्के आर्द्रता, 20 ते 30 अंश तापमान मिळालं की भराभर वाढते. पावसाळ्यातलं घर म्हणजे नेमकं हेच. एरवी ज्या अळ्या उन्हाने आणि कोरड्या हवेने मरून गेल्या असत्या, त्या सगळ्या जगतात. अंड्यापासून नवी पिसू तयार व्हायला अशा हवेत दोन ते चार आठवडे पुरतात. पाऊस सुरू झाल्यावर त्रास लगेच दिसत नाही, दोन-तीन आठवड्यांनी दिसतो आणि मग वाढतच जातो, त्याचं कारण हे. भर पावसात कुत्राही बाहेर कमी जातो आणि त्याच दमट गादीवर जास्त वेळ लोळतो.

एका वेळी जेवढी पिसवांची प्रजा असते तिच्यातला जेमतेम 5 टक्के भाग मोठ्या पिसवांच्या रूपात प्राण्याच्या अंगावर असतो, बाकी 95 टक्के अंडी, अळ्या आणि कोष होऊन घरात असतो, असा अंदाज पशुवैद्यकात नेहमी सांगितला जातो. नेमका आकडा घराघरात बदलणार, पण प्रमाण डोक्यात ठेवण्यासारखं आहे. आम्ही दोन वर्षं त्या 5 टक्क्यांशी भांडत होतो. खरं तर त्यांच्याशीही नाही, त्यांच्या चाव्याने सुजलेल्या कातडीशी.

पहिली दोन वर्षं काय चुकलं

पहिल्या वर्षी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं. त्याने खाज थांबली, कारण त्याचं कामच ते आहे. पण पिसवा घरात होत्या तशाच राहिल्या. इंजेक्शनचा असर उतरला की पुरळ परत. अशी तीन इंजेक्शनं झाली. मोत्या त्या काळात सारखं पाणी प्यायचा, रात्री लघवीसाठी उठवायचा. तोही स्टेरॉइडचाच परिणाम होता. पुरळ कमी झालं आणि ठरावीक दिवसांनी परत आलं, असं दोनदा झालं तर समजायचं की आपण नुसती खाज दाबतो आहोत, तिचं मूळ कारण तसंच राहिलं आहे.

दुसऱ्या वर्षी मानेवर टाकायचे, पिसवा मारणारे फिप्रोनिलचे थेंब आणले. औषध योग्य होतं, पण आम्ही दर चार दिवसांनी त्याला साबणाने चोळून अंघोळ घालत होतो. एकदा तर थेंब टाकले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. हे थेंब कातडीवरच्या तेलात पसरून टिकतात. टाकण्याआधी दोन दिवस आणि टाकल्यावर दोन दिवस अंघोळ नको, आणि नंतरही वारंवार साबण लावला तर असर लवकर उतरतो. थेंब केसांवर न टाकता, केस फाकवून थेट कातडीवर टाकायचे असतात. आम्ही निम्मे केसांवरच टाकत होतो. औषध निकामी आहे असं म्हणून दोन महिन्यांत ते बंदही केलं.

तिसऱ्या वर्षी काय केलं

त्या लाल कागदाचा फोटो घेऊन डॉक्टरांकडे गेलो. मोत्या तेव्हा सहा वर्षांचा, वजन 21 किलो. त्यांनी आधी पुरळावर पारदर्शक चिकटपट्टी दाबून तिची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली. त्यात जिवाणू भरपूर निघाले. खाजवून फुटलेल्या कातडीत असा संसर्ग बऱ्याचदा होतो आणि त्याची स्वतःची वेगळी खाज असते. पिवळट पुटकुळ्या, किंवा कडेने कोंडा सुटलेली गोल वर्तुळं दिसली तर हा संसर्ग आहे असं धरून चालावं. त्यासाठी क्लोरहेक्सिडीनचा शॅम्पू दिला. आठवड्यातून दोनदा लावायचा, फेस अंगावर पूर्ण 10 मिनिटं ठेवायचा आणि मग धुवायचा. ही दहा मिनिटं घड्याळ लावून मोजा, लगेच धुतलं तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही.

एवढ्या अंघोळी होणार म्हणून थेंबांऐवजी पोटातून द्यायची गोळी निवडली. ॲफोक्सोलॅनर, सॅरोलॅनर, लोटिलॅनर या गोळ्या महिन्यातून एकदा द्यायच्या असतात, फ्लुरॅलॅनर साधारण 12 आठवड्यांतून एकदा. पिसू चावली की औषध तिच्या पोटात जातं आणि अंडी घालायची वेळ येण्याआधीच ती मरते. तो पहिला चावा मात्र बसतो, त्यामुळे खाज एका दिवसात जात नाही. गोळी वजनाप्रमाणेच घ्यावी लागते, मोठी आणून अर्धी करून चालत नाही. आणि कुत्र्याला कधी फिट आली असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगाच. या गटातल्या औषधांनी काही प्राण्यांमध्ये झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने 2018 साली दिला होता. अशा कुत्र्यासाठी दुसरं औषध निवडता येतं.

खाजेसाठी दोन आठवडे ओक्लासिटिनिबच्या गोळ्या दिल्या. तेवढा वेळ त्याला झोप मिळायला हवीच होती. या वेळी फरक एवढाच की खाज दाबलेली असताना आम्ही खाली मूळ कारणावरही काम करत होतो.

घरातली जागा शोधणं

माझ्या मते आमचं पारडं फिरलं ते इथे. सगळं घर सारखंच घासत बसण्यापेक्षा पिसवा नेमक्या कुठे तयार होताहेत ते शोधायचं ठरवलं. रात्री चार जागी फरशीवर उथळ ताटल्या ठेवल्या, त्यांत पाणी आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन थेंब, आणि प्रत्येकीवर हातभर उंचीवर एक छोटा दिवा. बाकी खोली अंधारी. कोषातून बाहेर आलेली भुकेली पिसू उजेडाकडे आणि उबेकडे उडी मारते आणि साबणामुळे पाण्यावर तरंगू शकत नाही, बुडते. याने पिसवा संपत नाहीत. पण त्या कुठे आहेत ते कळतं.

सकाळी मोत्याच्या गादीजवळच्या ताटलीत दोन होत्या. पुढच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात एकही नाही. मागच्या खोलीत लाकडी बाकाजवळच्या ताटलीत अकरा. मोत्या त्या खोलीत जातसुद्धा नाही. त्या बाकावर आमची मनी झोपते.

मांजराला आम्ही कधीच औषध दिलं नव्हतं. ती खाजवत नव्हती, मग तिला पिसवा असतील असं मनातही आलं नाही. तिला विंचरलं तर फणीच्या दुसऱ्याच फेरीत जिवंत पिसू निघाली आणि काळे कण तर कितीतरी. कुत्र्यांना त्रास देणारी पिसू बहुतेक वेळा मांजराचीच असते, ती दोघांवर सारखीच जगते. मनी त्यांना पोसत होती आणि भोग मोत्या भोगत होता. माझ्या त्या दोन वर्षांतल्या सगळ्या चुकांपैकी ही मला सर्वांत जास्त लागली.

म्हणून एकाच दिवशी दोघांचंही औषध सुरू केलं. मोत्याला गोळी आणि मनीला मांजरांसाठीच बनवलेले सेलामेक्टिनचे थेंब. हे फार सांभाळा: कुत्र्यांच्या काही थेंबांमध्ये आणि फवाऱ्यांमध्ये परमेथ्रिन असतं. ते मांजराच्या अंगावर पडलं, किंवा औषध ओलं असताना मांजर कुत्र्याला चिकटून झोपलं, तर तिला थरथर सुटते, झटके येतात आणि जीवही जाऊ शकतो. घरात मांजर असेल तर डबीवरचं नाव वाचल्याशिवाय काहीही वापरू नका. फिप्रोनिल सशांना विषारी आहे, ससा असेल तर तेही लक्षात ठेवा.

बाकावरची गादी, मोत्याची गादी आणि पांघरुणं 60 अंशांच्या गरम पाण्यात धुतली आणि पुढे दर आठवड्याला धुवत राहिलो. पावसाळ्यात ती पूर्ण वाळवणं हीच खरी मेहनत. अर्धवट ओली गादी परत घातली तर अळ्यांना आयतं घर मिळतं. म्हणून जाड गादी काढून टाकली आणि दोन पातळ, लवकर वाळणाऱ्या चादरी आळीपाळीने वापरल्या. बाक सरकवून खाली, भिंतीच्या कडेने आणि फटींत पहिले दोन आठवडे रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरवला, पिशवी प्रत्येक वेळी बांधून घराबाहेर टाकली. बाकाखाली पायरीप्रॉक्सिफेनचा फवारा एकदा मारून घेतला, फरशी पूर्ण वाळेपर्यंत दोन्ही प्राणी बाहेर. हे औषध अंडी आणि अळ्यांची वाढ थांबवतं. कोषावर मात्र त्याचा परिणाम होत नाही. कोषावर कशाचाच फारसा होत नाही, आणि पुढचा सगळा घोळ त्यामुळेच होतो.

एकोणिसावा दिवस

पहिल्या दहा दिवसांत मोत्या बराच सुधारला. रात्री झोपू लागला, शेपटीजवळची ओली जागा वाळली. आणि एकोणिसाव्या दिवशी मागच्या खोलीत माझ्या पांढऱ्या मोज्यांवर एकदम तीन पिसवा उडाल्या. रात्रीच्या ताटलीत सतरा सापडल्या. सुरुवातीला अकरा होत्या, आता सतरा. औषध फसलं, हाच पहिला विचार मनात आला. मी दुसरी गोळी लवकर द्यायला निघालो होतो. डॉक्टरांनी फोनवर थांबवलं आणि एकच प्रश्न विचारला: विंचरल्यावर काळे कण निघतात का?

विंचरलं. मोत्याच्या अंगावर काही नाही. मनीच्या अंगावर एक मेलेली पिसू, कण नाहीत.

याचा अर्थ असा होता. औषध सुरू करायच्या आधीच जे कोष फटींत तयार होते, ते आता उघडत होते. कोषातली पिसू धक्का, ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांची वाट बघत पडून राहते, परिस्थिती जुळली नाही तर कित्येक महिनेही. व्हॅक्यूमच्या धक्क्यानेही ती बाहेर येते, म्हणून सफाई सुरू केल्यावर पिसवा काही दिवस वाढल्यासारख्या वाटतात. बाहेर आलेली प्रत्येक पिसू मोत्या किंवा मनीच्या अंगावर जात होती, चावत होती आणि अंडी घालायच्या आत मरत होती. नवी भर पडत नव्हती, जुना साठा रिकामा होत होता. अशा वेळी प्राण्यांना ती खोली बंद करू नये. औषध दिलेला प्राणीच तिथल्या पिसवा टिपून संपवतो.

हा साठा रिकामा व्हायला दोन ते तीन महिने लागू शकतात. आमच्याकडे तेहेतिसाव्या दिवशी ताटलीत पाच निघाल्या, सत्तेचाळिसाव्या दिवशी एक आणि साठाव्या दिवशी शून्य. मधल्या काळात मोत्याला एकदा चार दिवस परत खाज आली, दोन-तीन नव्या पुटकुळ्या उठल्या, पण तेवढ्यावरच निभावलं. शेपटीच्या मुळाचे केस पूर्ण यायला मात्र साडेतीन महिने गेले.

तुमच्याकडे अडलं असेल तर

औषध चालू असूनही त्रास असेल तर फणीच सांगते. अंगावर नवे काळे कण अजून निघत असतील, तर पिसवा चावूनही जगताहेत. मग औषधाचा डोस वजनाला पुरेसा आहे का, गोळी नंतर उलटून पडली का, थेंब केसांवर राहिले का, दोन डोसांमधलं अंतर महिन्याचं दीड महिना झालं का, हे बघा. आणि घरातला, जिन्यातला किंवा अंगणात मुक्कामाला येणारा एखादा प्राणी औषधाविना राहिला आहे का हेही. भटका कुत्रा पावसात तुमच्या दारातल्या पायपुसण्यावर रोज झोपत असेल, तर ते पायपुसणं हीच तुमची मागची खोली.

खोलीत पिसवा उडताहेत, पण अंगावर कण नाहीत आणि कुत्रा हळूहळू सुधारतो आहे, तर काही बदलू नका. डोस वेळेवर देत राहा आणि सफाई चालू ठेवा.

सगळ्या प्राण्यांना सलग दोन-तीन महिने नेमाने औषध दिलं, ताटल्या रिकाम्या, फणी स्वच्छ, तरीही खाज जात नसेल, तर पिसवांखेरीज आणखी काहीतरी आहे. तेव्हा पंजे, कान आणि काखा पुन्हा बघून डॉक्टरांशी दुसऱ्या ॲलर्जीबद्दल बोलायची वेळ आली असं समजा. एका रात्रीत तळहाताएवढी ओली, चिकट, दुखरी जखम झाली, किंवा लहान पिल्लाच्या अंगावर पिसवा भरपूर असून हिरड्या पांढुरक्या दिसत असतील, तर वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा. पिल्लाच्या बाबतीत ते रक्त कमी झाल्याचं लक्षण असतं.

आणि कृपा करून अंगाला टी ट्री तेल, कापूर घातलेलं तेल, रॉकेल किंवा फिनेल लावू नका, खायला लसूण देऊ नका. कुत्रा अंगावर लावलेलं सगळं चाटतो, आणि यातली प्रत्येक गोष्ट त्याला विषबाधा करू शकते. माणसांच्या वेदनेच्या गोळ्याही तशाच.

आम्ही आता पावसाळ्याच्या दोन महिने आधीच दोघांची औषधं सुरू करतो आणि पाऊस संपल्यावरही दोन-तीन महिने चालू ठेवतो. डॉक्टरांचा आग्रह बारा महिन्यांचा आहे, आणि घर वर्षभर दमट राहत असेल तर तो बरोबरच आहे. दर रविवारी फणी आणि ओला कागद. गेल्या पावसाळ्यात एकदाच, एका रविवारी मनीच्या अंगातून दोन कण निघाले आणि लाल झाले. तिचे थेंब नऊ दिवस उशिरा पडले होते.